स्टील टो की कंपोझिट टो? गिऱ्हाईकाला काय सांगाल?

सेफ्टी शूजचं दुकान टाकणाऱ्या किंवा एमआयडीसीत सप्लाय सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो, की स्टील म्हणजे मजबूत आणि कंपोझिट म्हणजे प्लास्टिक, त्यामुळे कच्चं. हाच समज घेऊन काउंटरवर बसलात तर चुकीच्या माणसाला चुकीचा बूट विकाल.

आधी बोटांवरच्या टोपीची परीक्षा समजून घ्या. आपल्याकडे सेफ्टी बुटासाठी IS 15298 भाग 2 हे मानक आहे. त्यात टोपीला 200 जूलचा धक्का सोसावा लागतो, म्हणजे साधारण 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यावर बसतो तेवढा. शिवाय 15 किलोन्यूटनचा दाब, म्हणजे दीड टनाच्या आसपास. टोपी स्टीलची असो की फायबरग्लासची, परीक्षा एकच आणि पास व्हायचे मार्कही तेच. म्हणून मानकात बसलेला कंपोझिट टो कमजोर नसतो. भाग 3 च्या बुटाला मात्र 100 जूलचीच टोपी असते आणि भाग 4 मध्ये टोपीची अटच नाही. स्वस्तात मिळाला म्हणून उचललेला माल नेमका यातला निघू शकतो, तेव्हा बुटावरचा भाग क्रमांक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ISI खुणेजवळचा CM/L नंबर BIS Care अ‍ॅपमध्ये टाकून बघायला एक मिनिट लागतो.

या 200 जूललाही मर्यादा आहे, ती गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. तीन किलोची वीट दोन मजले, म्हणजे सहा मीटर, खाली आली तर सुमारे 175 जूल होतात. टोपी तग धरेल. तीच वीट नऊ मीटरवरून आली तर 265 जूल होतात. तिथे कोणत्याच टोपीची खात्री नाही. "स्टील वाकून बोटं कापतं" असं कुणी सांगितलं, तर त्याला सांगा, की एवढा मार बसला तर दुसरी टोपीही वाचवणार नाही.

मग फरक कुठे पडतो? मार खाल्ल्यानंतर. स्टील पिचकतं आणि आत बोटांनी चाचपलं की खड्डा लागतो. कंपोझिट मात्र तडकूनही बऱ्याचदा मूळ आकारात परत येतं. वरून चामडं जसंच्या तसं, आत तडा. म्हणून जोराचा मार बसलेला बूट, टोपी कुठलीही असली तरी, बदलायचाच. पण कंपोझिटच्या गिऱ्हाईकाला हे विकतानाच बजावून सांगा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे एकाच दिवशी दोन चौकश्या आल्या: बिल्डिंग साइटच्या ठेकेदाराला 40 जोड हवेत आणि एका कारखान्याच्या स्टोअरकीपरला 25. ठेकेदाराचे लोक सळई, विटा, शटरिंगच्या प्लेटांत काम करतात. त्याला स्टील टो द्या. स्वस्त पडतो आणि टोपी पातळ असल्यामुळे बूट कमी जागा खातो. साइटवर खिळे असतातच, त्यामुळे तळव्यात खिळा अडवणारा थर आहे का ते बघा. मार्किंगमध्ये S1P किंवा S3 लिहिलेलं असेल. नुसत्या S1 मध्ये हा थर नसतो. पायात खिळा घुसला तर टोपी काय करणार?

कारखान्यावाल्याला आधी विचारा: गेटवर मेटल डिटेक्टर आहे का? रोज बूट काढून तपासणी होत असेल, तर प्रत्येक शिफ्टला रांग लागते. तिथे जोडीमागे चारशे-पाचशे रुपये जास्त मोजायला तो तयार होतो. 25 जोडांचे साडेबारा हजार झाले तरी रांग वाचते, हे त्यालाच बोलू द्या. पण खिळ्याचा थर स्टीलचा असेल तर कंपोझिट टो असूनही गेट वाजेलच, तेव्हा पूर्ण बिनधातूचा बूट मागवा. अगदी आयलेटसुद्धा.

कोल्ड स्टोरेजला कंपोझिट बरा, कारण स्टील गारवा आत आणतं. मात्र "कंपोझिट म्हणजे करंट लागत नाही" असं बोलू नका. विजेपासूनचं संरक्षण मुख्यतः तळव्यावर आणि पूर्ण बुटाच्या बनावटीवर असतं. त्याची वेगळी चाचणी आणि वेगळी खूण असते.

टोपी ओळखायला दुकानात चुंबक ठेवा. चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं तर ते कंपोझिट असेलच असं नाही, अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. आणि कंपोझिटची टोपी जाड असते, त्यामुळे रुंद पंजाच्या माणसाला जाड मोजे घालून, उभं करून, चालवून बघा. बूट हलका वाटला तर त्याचं श्रेय लगेच टोपीला देऊ नका, बऱ्याचदा तो पीयू सोलमुळे हलका असतो.

पीयूचा विषय निघालाच आहे तर, हा सोल दमट हवेत पडून पडूनही भुगा होतो, न वापरता. त्यामुळे बनावटीची तारीख बघूनच पेटी घ्या, जुना माल आधी विका आणि कंपोझिटचे सगळे साइज भरून ठेवण्यापेक्षा सात, आठ, नऊचे मोजके जोड नमुन्याला ठेवून बाकीचे ऑर्डरवर मागवा.