रेघेच्या वर की रेघेच्या खाली?

पावसाळा सुरू झाला की सीएच्या ऑफिसातून दुकानदाराकडे एक प्लास्टिकची फाइल येते. आत विवरणपत्राची प्रत, ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात, कर किती भरायचा ते विचारतात आणि फाइल गल्ल्यामागच्या कपाटात जाते. बँकेने कर्जासाठी मागितली तरच ती पुन्हा बाहेर येते.

मी गेली बरीच वर्षं लहान दुकानांची खाती लिहितो. गेल्या वर्षी ओळखीच्या एका फराळाच्या दुकानाची फाइल त्यांच्याच काउंटरवर उघडून बसलो होतो. नवरा-बायको मिळून चकली, चिवडा, शेव, भाजणी विकतात. मागे छोटा कारखाना आहे, पुढे दुकान. हिशेब सुटसुटीत दिसावा म्हणून इथे आकडे गोल केले आहेत. 2023-24 मध्ये विक्री 40 लाख होती, 2024-25 मध्ये 48 लाख झाली. निव्वळ नफा मात्र 4 लाखांवरून 2 लाख 40 हजारांवर आला होता. वहिनींनी उपायही ठरवून टाकला होता. "भाऊजी, काउंटरवरचा एक मुलगा कमी करते. पगारच खातायत सगळं."

पगार खरंच वाढले होते, 3 लाख 60 हजारांचे 4 लाख 20 हजार. पण त्या मुलाला काढण्याआधी कागद नीट वाचायला हवा होता.

या पत्रकाचे दोन मजले असतात आणि मधे एक रेघ. वरच्या भागाला व्यापार खातं म्हणतात. त्यात उजवीकडे विक्री आणि वर्षअखेरीस उरलेला माल, डावीकडे वर्षाच्या सुरुवातीचा माल, खरेदी आणि माल तयार करायला थेट लागलेला खर्च, म्हणजे आपल्या दुकानात पॅकिंग, गॅस आणि चकल्या पाडणाऱ्या बायकांची मजुरी. दोन्ही बाजूंतला फरक म्हणजे ढोबळ नफा. तो रेघेखाली ओढून आणतात आणि त्यातून भाडं, काउंटरचे पगार, वीज, डिलिव्हरी, व्याज, घसारा, सीएची फी वजा करतात. उरतो तो निव्वळ नफा. वरचा मजला कारखान्याची गोष्ट सांगतो, खालचा दुकान चालवण्याची.

या रकमा नुसत्या बघून काही कळत नाही, कारण विक्रीच बदललेली असते. म्हणून प्रत्येक रकमेला विक्रीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आमच्या दुकानात पहिल्या वर्षी ढोबळ नफा 14 लाख होता, म्हणजे 35 टक्के. दुसऱ्या वर्षी 14 लाख 40 हजार. रुपयांत वाढलेला दिसतो, पण 48 लाखांच्या मानाने तो 30 टक्केच आहे. निव्वळ नफा 10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. आणि रेघेखालचा एकूण खर्च? पहिल्या वर्षी 10 लाख, दुसऱ्या वर्षी 12 लाख. दोन्ही वर्षी विक्रीच्या बरोब्बर 25 टक्के.

वहिनी त्या 25 वर बोट ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या. पगार, भाडं, वीज सगळं वाढलं होतं, पण विक्रीच्याच वेगाने. निव्वळ नफ्यातले पाच टक्के गेले ते सगळेच्या सगळे रेघेच्या वर. मुलाला काढून त्या भोकाला ठिगळ लागणार नव्हतं. हेच उलटं असतं, म्हणजे ढोबळ नफा 35 वर टिकून निव्वळ घसरला असता, तर भाडं आणि पगार तपासणं योग्य ठरलं असतं.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण दुकानदार हमखास गोंधळतात. "मी पस्तीस टक्के चढवून विकतो" आणि "माझा ढोबळ नफा पस्तीस टक्के आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शंभराला पडलेल्या मालावर पस्तीस चढवले तर तो एकशे पस्तीसला जातो. त्यात पस्तीस नफा, म्हणजे विक्रीच्या जेमतेम 26 टक्के. पस्तीस टक्के ढोबळ नफा हवा तर 65 रुपयांचा माल शंभराला विकावा लागतो.

आता वरच्या मजल्यावर चढू. पॅकिंग विक्रीच्या 5 टक्क्यांवरून थोडंसं वाढलं होतं, मजुरी 8 टक्क्यांच्या आसपास आणि गॅस 3 टक्क्यांच्या आसपास तसाच होता. कच्चा माल मात्र 49 टक्क्यांवरून जवळजवळ 54 वर गेला होता. खरेदीच्या पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या आणि तेलाच्या डब्यांशी येऊन थांबलो.

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. रिफाइंड तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीस केलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. म्हणजे फराळाचं तळण सुरू व्हायला आणि तेल भडकायला एकच गाठ पडली. या दुकानाला 1,600 ला पडणारा डबा 2,100 च्या घरात गेला. तिथून मार्चपर्यंत त्यांनी अडीचशे डबे घेतले. डब्यामागे 500 धरले तर सव्वा लाख रुपये जास्तीचे गेले. चकलीचा भाव मात्र ऑगस्टमध्ये छापून घेतलेल्या दरपत्रकाप्रमाणे 400 रुपये किलोच राहिला. "दिवाळीच्या तोंडावर भाव कसा वाढवायचा?" असं त्यांचं म्हणणं.

पण सव्वा लाखाने सगळा फरक भरून निघेना. मग विक्रीचीच चौकशी केली. वाढलेल्या 8 लाखांपैकी 6 लाखांचा माल आसपासच्या किराणा दुकानांना दिला होता, काउंटरच्या भावापेक्षा 20 टक्के कमी दराने. तोच माल काउंटरवर साडेसात लाखांना गेला असता. दीड लाख तिथे गेले. हे दोन्ही परत जोडून पाहिलं तर विक्री साडेएकोणपन्नास लाख आणि ढोबळ नफा 17 लाख 15 हजार होतो, म्हणजे साडेचौतीस टक्क्यांच्या वर. घसरण जवळजवळ पूर्ण सापडली.

किराणा दुकानांच्या धंद्याचा वेगळा हिशेब मांडल्यावर मात्र नवराही गल्ला सोडून जवळ येऊन बसला. साडेसात लाख भावाचा तो माल तयार करायला साधारण 5 लाख 9 हजार लागले. मिळाले 6 लाख. उरले 91 हजार. तो पोचवायला टेम्पो लागला, डिलिव्हरीचा खर्च 90 हजारांवरून 1 लाख 60 हजारांवर गेला. सत्तर हजार तिथे संपले. वर्षभर खपून हाती आले वीस-एकवीस हजार, तेही उधारीचे पैसे वेळेवर आले असं धरून. विक्री वाढल्याचा जो आनंद झाला होता, तो बहुतांशी या सहा लाखांचा होता.

हे सगळं मांडण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या होत्या. त्या तपासल्या नाहीत तर वरचा एकही निष्कर्ष विश्वासाचा नाही. पहिली, 31 मार्चचा शिल्लक माल. बऱ्याच दुकानांत तो मोजला जात नाही, अंदाजाने लिहिला जातो. या दुकानात 50 हजार जास्त लिहिले तर ढोबळ नफा लगेच 50 हजारांनी, म्हणजे एक टक्क्याहून जास्त फुगतो, आणि पुढच्या वर्षी तोच माल सुरुवातीच्या शिलकेत येऊन नफा तेवढाच खातो. एक वर्ष छान, पुढचं वाईट, असा झोका दिसला की आधी शिल्लक मालाचा संशय घ्यावा. माल खरेदीच्या किंवा तयार करण्याच्या खर्चाने धरायचा, विक्रीच्या भावाने नाही. खवट झालेल्या शेवेची तर किंमतच धरायची नाही. दुसरी गोष्ट, दोन्ही वर्षी एकच खर्च एकाच मजल्यावर आहे ना. टॅलीमध्ये गॅसचं खातं एका वर्षी `Direct Expenses` खाली आणि दुसऱ्या वर्षी `Indirect Expenses` खाली गेलं, तर निव्वळ नफा तोच राहतो, पण ढोबळ नफा विनाकारण उडी मारतो. खाती लिहिणारा बदलला की हे होतं. (माझ्याही हातून झालंय.)

मग ठरवायचं काय? किराणा दुकानांची सूट 20 ऐवजी 12 टक्के केली तर तेवढ्याच मालावर 60 हजार जास्त मिळतात. जे दुकानदार ऐकणार नाहीत त्यांनी माल इथून उचलावा. काउंटरवर भाव पाच टक्के वाढवायचा, चकली 420. वहिनींना भीती गिऱ्हाईक तुटण्याची. तीही मोजता येते. काउंटरवर शंभर रुपयांच्या मालात आता साधारण 32 सुटतात, भाव वाढवला की 37 सुटतील. तेव्हा किलोंच्या हिशेबात विक्री तेरा टक्क्यांपर्यंत घटली तरी ढोबळ नफा आजच्यापेक्षा कमी होत नाही. पाच टक्के भाववाढीने आठातला एक गिऱ्हाईक कायमचा जाईल का, याचं उत्तर त्यांनाच माहीत. माझ्या मते जाणार नाही.

एक गोष्ट पत्रकात दिसतच नाही. मालकी धंद्यात मालकाचा पगार खर्चात येत नाही, घरी नेलेले पैसे उचल म्हणून भांडवलातून जातात. 2 लाख 40 हजारांचा निव्वळ नफा म्हणजे महिन्याला वीस हजार, दोघांत वाटले तर माणशी दहा. काउंटरवरच्या तीन मुलांना सरासरी साडेअकरा हजार मिळतात. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दलही या पत्रकात येत नाही, फक्त व्याज येतं, म्हणून नफा दिसत असूनही गल्ला कोरडा वाटतो.

काउंटरवरचा मुलगा अजून तिथेच आहे. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं गेलं. हे असं वर्षाच्या अधेमधे होत राहतं आणि वर्षाचं पत्रक सगळं एकत्र कालवून दाखवतं. म्हणून त्या दुकानात आता माल दोनदा मोजतात, 31 मार्चला आणि भाऊबीज झाल्यावर. तुमचंही दुकान असेल तर कपाटातल्या गेल्या दोन वर्षांच्या फायली काढा आणि आधी रेघेच्या वरची टक्केवारी लिहा.