निकाल आधी, कलाटणी लगेच : कबड्डीच्या एका बातमीचे संपादन

मंडळी, आज आपण एकच बातमी घेणार आहोत आणि तिच्यावर हात चालवणार आहोत. बातमी सरावासाठी रचलेली आहे. तालुका पातळीवरचा पुरुषांचा कबड्डीचा अंतिम सामना आहे. संघांना आपण वरची आळी आणि खालची आळी म्हणू. खेळाडूंची नावे प्रत्यक्ष बातमीत असतातच, इथे त्यांच्या जागी फक्त भूमिका सांगू. सामना रात्री संपला, बातमीदाराने मैदानावरूनच मजकूर पाठवला आणि तो आपल्यासमोर असा आला :

"येथील क्रीडांगणावर मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात पार पडलेल्या तालुकास्तरीय कबड्डी स्पर्धेच्या अंतिम फेरीत क्रीडारसिकांच्या डोळ्यांचे पारणे फेडणारी, श्वास रोखून धरायला लावणारी लढत पाहायला मिळाली. दोन तुल्यबळ संघ भिडताच टाळ्या-शिट्ट्यांचा एकच कल्लोळ उडाला. मध्यंतराला १९-१३ अशी आघाडी होती. उत्तरार्धात खालच्या आळीच्या चढाईपटूने एकाच चढाईत तीन गडी टिपत सामन्याचे पारडे फिरवले व प्रतिस्पर्ध्यांना सळो की पळो करून सोडले. बचावफळीनेही मोलाची साथ दिली. अखेर खालच्या आळीने वरच्या आळीला धूळ चारत ३४-३१ असा दणदणीत विजय मिळवून चषकावर नाव कोरले."

कोण जिंकले हे शेवटच्या वाक्यात कळते. पान लावताना जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो, म्हणजे या बातमीतला निकालच कात्रीखाली जाणार. दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्याच्याआधी 'पार पडलेल्या', 'फेडणारी', 'लावणारी' अशी विशेषणांची रांग लावली, की वाचक वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत हातात काहीच पडत नाही. पहिले वाक्य पुन्हा वाचून पाहा. त्यात लढत झाली, एवढीच माहिती आहे.

आता ठोकळेबाज शब्द. असे शब्द दिसले की आपण सरसकट काट मारत नाही. प्रत्येकाला आधी एक प्रश्न विचारायचा : किती, केव्हा, कोणी? उत्तर मिळाले तर शब्दाच्या जागी ते उत्तर लिहायचे. नाही मिळाले तर शब्द काढायचा. 'डोळ्यांचे पारणे' याला उत्तर नाही, तो गेला. 'कल्लोळ' गेला. 'श्वास रोखून धरायला लावणारी' याला मात्र उत्तर आहे, कारण सामना तीन गुणांनी सुटला आहे. ३४-३१ हा आकडा वाचला की चुरस वेगळी सांगावी लागत नाही. आणि याच आकड्यामुळे 'दणदणीत' आणि 'धूळ चारत' हे दोन्ही शब्द उघड उघड खोटे ठरतात. तीन गुणांच्या विजयाला दणदणीत कोण म्हणेल? ठरावीक शब्दांचा खरा धोका हाच आहे. ते कंटाळवाणे असतात हे झालेच, पण हात सवयीने चालत राहतो आणि ते सामन्याशी जुळतात का, हे कुणी पाहतच नाही.

एक सावधगिरी. चढाई, पकड, बोनस, लोण हे खेळाचे शब्द आहेत, त्यांना हात लावायचा नाही. 'गडी टिपला' हेही मैदानावरचेच बोलणे आहे. वाचकाला ते कळते आणि त्यातून नेमके काय घडले तेही कळते. सफाईच्या उत्साहात 'लोण दिला'च्या जागी 'सर्व खेळाडूंना बाद केले' असे लिहाल, तर शब्द वाढतील आणि लोणाचे दोन जादा गुण हरवतील.

मग ते १९-१३. आघाडी कोणाची? वाचक गृहीत धरतो की विजेत्याचा आकडा आधी असतो, म्हणजे खालची आळी पुढे होती. प्रत्यक्षात वरची आळी पुढे होती. एका संघाच्या नावाने सगळी गोष्ट उलटी होते. म्हणून मधला गुणफलक लिहिताना संघाचे नाव सोडायचे नाही. आणि बेरीज करून पाहायची. खालच्या आळीचे मध्यंतरापर्यंत १३ आणि शेवटी ३४, म्हणजे उत्तरार्धात २१. वरच्या आळीचे १९ वरून ३१, म्हणजे १२. उत्तरार्धात इतका फरक पडला, तर त्यात कुठेतरी एक मोठा उतार असला पाहिजे. तो कुठे आहे हे शोधणे, हे आजचे मुख्य काम.

बातमीदार म्हणतो की तीन गडी टिपणाऱ्या चढाईने पारडे फिरले. मैदानावर सर्वांत मोठी आरोळी त्याच चढाईला उठली असणार, म्हणून ती त्याच्या लक्षात राहिली. पण आरोळीवरून कलाटणी ठरत नाही. त्यासाठी गुणलेखकाचे गुणपत्रक मागवायचे, किंवा फोनवर त्याच्याकडून शेवटच्या दहा मिनिटांचे गुण क्रमाने उतरवून घ्यायचे. आपल्या सामन्यात तो क्रम असा निघाला.

सहा मिनिटे बाकी असताना वरची आळी २६-२१ अशी पुढे होती. तिचे सातही गडी मैदानात होते, खालच्या आळीचे फक्त दोन. वरच्या आळीचा मुख्य चढाईपटू चढाईला आला. त्याने दोघांनाही टिपले असते, तर दोन गुण आणि लोणाचे दोन, असे चार गुण मिळून फलक ३०-२१ झाला असता. घडले उलटेच. खालच्या आळीच्या डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, जोडीदाराने वरून झेप घेतली आणि पकड झाली. बचावात तीन किंवा कमी गडी असताना पकड झाली, तर एक गुण जादा मिळतो. यालाच अव्वल पकड म्हणतात. फलक झाला २६-२३.

पुढच्याच चढाईत ते तीन गडी टिपले गेले आणि २६-२६ अशी बरोबरी झाली. त्यानंतर एक पकड, २७-२६. मग चढाईत एक गडी, २८-२६. शेवटी वरच्या आळीचा उरलेला एकमेव गडी चढाईला आला आणि पकडला गेला. पकडीचा एक आणि लोणाचे दोन मिळून फलक ३१-२६. पाच चढायांत ओळीने दहा गुण. एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, म्हणजे हे सगळे अडीच मिनिटांच्या आत घडले.

आता यातली कलाटणी कोणती? आपण एक कसोटी लावतो. ती घटना काढून टाकायची आणि पुढचा खेळ तसाच उभा राहतो का ते पाहायचे. तीन गड्यांची चढाई मोठी होती यात शंका नाही, पण त्या वेळी खालच्या आळीकडे तीन गडी होते आणि फरक तीन गुणांचा होता. ती चढाई कोरी गेली असती, तरी संघ सामन्यात होता. अव्वल पकड फसली असती, तर तो नऊ गुणांनी मागे गेला असता. शिवाय दुसरी गोष्ट आहे, जी गुणांच्या रकान्यात दिसत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला तरच परत येतो. या पाच चढायांत वरच्या आळीला एकही गुण मिळाला नाही, म्हणून तिचा मुख्य चढाईपटू लोण होईपर्यंत बाहेरच बसून राहिला. पुढची चढाई, त्याच्या पुढची चढाई, दोन्ही त्याच्याशिवाय झाल्या. तेव्हा कलाटणी ती पकड. आणि ती करणाऱ्या कोपरारक्षकाच्या वाट्याला आपल्या मूळ बातमीत काय आले होते? 'बचावफळीनेही मोलाची साथ दिली.' त्याचे नाव नाही, पकड नाही. गावाकडचा खेळाडू अशी कात्रणे जपून ठेवतो. सामना ज्याने वाचवला, त्याच्याच फाइलीत हे कात्रण लावता येणार नव्हते.

एक खात्री मात्र करून घ्यायची. अव्वल पकडीचा नियम त्या स्पर्धेत लागू होता का, हे आयोजकांना विचारायचे. लागू नसेल तर पकडीचा एकच गुण धरायचा आणि पुढचा सगळा हिशेब बदलतो.

आता मजकूर नव्याने लिहू.

"खालच्या आळीने वरच्या आळीला ३४-३१ असे हरवून तालुका कबड्डी स्पर्धेत पुरुष गटाचे विजेतेपद मिळवले. सहा मिनिटे बाकी असताना हा संघ २१-२६ असा मागे होता आणि त्याचे दोनच गडी मैदानात उरले होते. त्या दोघांनी केलेल्या अव्वल पकडीने सामना फिरला.

डाव्या कोपरारक्षकाने वरच्या आळीच्या मुख्य चढाईपटूचा घोटा धरला. त्यानंतरच्या चढाईत खालच्या आळीने तीन गडी टिपून २६-२६ अशी बरोबरी साधली आणि पाठोपाठ लोण देऊन ३१-२६ अशी आघाडी घेतली. या काळात वरच्या आळीला एकही गुण मिळाला नाही. मध्यंतराला वरची आळी १९-१३ अशी पुढे होती. लोणानंतर तिने पाच गुण मिळवले, पण फरक तीन गुणांचा राहिला."

कोपरारक्षक आणि चढाईपटू यांच्या जागी नावे घाला, की ही बातमी छापायला तयार. पाहुण्यांची आणि बक्षीस देणाऱ्यांची नावे याच्या खाली एका वाक्यात येतील. ती गाळायची नाहीत, स्थानिक अंकात लोक ती शोधतात. पण जागा कमी पडली तर तेच वाक्य आधी जाईल आणि निकाल शाबूत राहील. पहिल्या वाक्यात आपण स्पर्धा, संघ आणि गुण एवढेच ठेवले आहे. कलाटणीही त्यातच कोंबली असती, तर पुन्हा विशेषणांची तीच रांग लागली असती.

शेवटचा मुद्दा, कारण हा प्रश्न नेहमी येतो : प्रत्येक सामन्याला कलाटणी असते का? नसते. समजा एखादा संघ पूर्वार्धातच दोन लोण देऊन पंधरा गुणांनी पुढे गेला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. तिथे गुणपत्रकात कुठेही वळण सापडणार नाही. अशा बातमीत निकालानंतर दुसऱ्या वाक्यात ते दोन लोण कितव्या मिनिटाला झाले ते लिहायचे आणि थांबायचे. तिथे 'सामन्याला कलाटणी मिळाली' असे लिहिले, तर तोही 'दणदणीत'सारखाच सवयीचा शब्द होईल. गुणपत्रकात जे नाही, ते बातमीत आणायचे नाही.