अक्षता पडतात तो क्षण

2000 नंतरच्या दशकात लग्नाचं चित्रीकरण बहुधा मिनीडीव्ही कॅसेटवर होई. ती कॅसेट जशीच्या तशी संगणकावर उतरवली, तर तासाला साधारण 13 जीबी जागा लागते. तीन तासांचं लग्न म्हणजे जवळपास 40 जीबी.

एवढी जागा लागण्याचं कारण साधं आहे. डीव्ही पद्धत प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवते. नवे कोडेक, म्हणजे 2003चा एच.264, 2013चा एच.265 आणि 2018चा एव्ही1, आधीच्या-नंतरच्या चित्रांशी तुलना करून मुख्यतः बदल तेवढा लिहितात. भटजी मांडी घालून बसले असतील आणि मागची भिंत हलत नसेल, तर ती भिंत पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. एच.265मध्ये सरासरी वेग सेकंदाला 3 मेगाबिट पडला, तर तोच तास व्हिडिओपुरता दीड जीबीच्याही आत बसतो.

मग मंगलाष्टकं संपतात आणि अक्षता पडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. आधीच्या चित्रावरून पुढचं ओळखण्याची सोयच उरत नाही. कमी उजेडात कॅमेऱ्यानं टिपलेली खरखरही अशीच, दर चित्रात नवी. इथे बिट कमी पडले, की दाण्यांचे डाग होतात, शालूची जर सपाट होते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात.

म्हणून आधी याच एका मिनिटाचा नमुना काढावा:

```
ffmpeg -ss 00:20:00 -t 60 -i lagna.avi \
 -vf bwdif -c:v libx265 -crf 20 -preset slow \
 -pix_fmt yuv420p10le -c:a aac -b:a 192k namuna.mp4
```

यातला `crf` हा दर्जाचा आकडा: तो जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. सांगितला नाही, तर हा एन्कोडर 28 धरतो. अशा जुन्या, खरखरीत चित्रणासाठी तो फार जास्त आहे. एक नमुना 20चा, एक 24चा काढावा आणि मोठ्या पडद्यावर चित्र थांबवून मूळ फाइलशी ताडून पाहावं. `bwdif` हलत्या हाताच्या कडेला दिसणारे कंगव्यासारखे दाते काढतो, कारण जुना कॅमेरा चित्राच्या एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपत असे. `yuv420p10le`मुळे रंगछटांच्या पायऱ्या बारीक होतात आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पट्टे कमी उठतात.

एव्ही1 आणखी जागा वाचवू शकतो, पण अनेक जुने टीव्ही तो वाचत नाहीत.

मोबाइलवरून आलेल्या व्हिडिओंना मात्र हात लावू नये. ते आधीच दाबलेले असतात. पुन्हा दाबताना नवा कोडेक जुन्या दोषांवरही बिट खर्च करतो, थोडा तपशील आणखी जातो आणि जागा जेमतेम वाचते.

पूर्ण फाइल तयार झाल्यावर तिची लांबी मुळाशी जुळवा. शेवटच्या पाच मिनिटांत ओठ आणि आवाज बरोबर चालतात का, ते पाहा. गेलेला तपशील परत आणता येत नाही, तेव्हा ही खात्री होईपर्यंत ते 40 जीबी पुसू नका.