कलम १५४ ची पोच

गेल्या १ एप्रिल २०२६ रोजी आयकर अधिनियम, १९६१ कारभारातून निवृत्त झाला आणि त्याच्या जागी २०२५ चा नवा अधिनियम रुजू झाला, तेव्हा माझ्या जुन्या व्यवसायबंधूंपैकी कुणी कलमांच्या नव्या क्रमांकांचे तक्ते पाठ करू लागले, तर कुणी नव्या भाषेच्या सुबोधतेचे गोडवे गाऊ लागले. मला मात्र एकाच अंकाच्या वियोगाने हळहळ वाटली. तो अंक म्हणजे १५४. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या आयकर दफ्तरांतून मी चाळीस वर्षे अर्ज घेऊन हिंडलो, आणि त्या अर्जांतील निम्म्याअधिक अर्जांच्या शिरोभागी हाच आकडा होता. आमच्याकडील व्यापारी 'वन फिफ्टी फोर टाका' असे म्हणत, जसे एखादा शेतकरी तलाठ्याला 'फेरफार टाका' म्हणतो.

कलमाचा आशय थोडक्यात एवढाच, की अधिकाऱ्याने केलेल्या हुकुमात जी चूक अभिलेखावरून उघड दिसते, ती त्याने स्वतः होऊन अथवा करदात्याच्या अर्जावरून दुरुस्त करावी, आणि हे काम ज्या आर्थिक वर्षात हुकूम झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांच्या आत व्हावे. ही सोय १९२२ च्या कायद्यातही होती. तिथे ती पस्तिसाव्या कलमात बसलेली होती. सारे इंगित 'उघड' या एका विशेषणात आहे. व्होल्कार्ट ब्रदर्स या कापसाच्या व्यापारात मुरलेल्या पेढीच्या प्रकरणात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या मुद्द्यावर दोन मते संभवतात आणि जो लांबलचक युक्तिवादानेच सिद्ध होतो, तो मुद्दा उघड चूक ठरत नाही. गंमत अशी, की हा निर्णय करदात्याच्या बाजूने झाला. त्या प्रकरणात दुरुस्तीच्या मिषाने जादा कर बसविण्याचा यत्न अधिकाऱ्याचा होता. पण पुढे अधिकाऱ्यांनी तीच ढाल आमच्यावर उगारली.

पहिली वीस-पंचवीस वर्षे मी झपाट्याने ओलांडतो, कारण त्यांत सांगण्याजोगे फार नाही. अधिकारी समोर बसे, बेरजेत चूक असली तर लाल पेन्सिलीने तिथेच खूण करी, आगाऊ कराचे चलन हिशेबात धरायचे राहिले असेल तर कारकुनाला हाक मारी, आणि बहुधा महिन्या-दोन महिन्यांत दुरुस्त हुकूम हाती पडे. जळगावहून एरंडोल, पारोळा मागे टाकीत एस.टी.ने धुळ्यास जावे, दुपारपर्यंत काम आटपून राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांच्या सहवासात तासभर घालवावा आणि सायंकाळच्या गाडीने परतावे, असा तो संथ काळ होता.

मला रेंगाळायचे आहे ते २००४ ते २०१४ या दशकात, कारण त्या दशकात चूक करणारा एक आणि ती निस्तरणारा दुसरा, अशी फाळणी झाली. उगमस्थानी कापलेल्या कराची कागदी प्रमाणपत्रे विवरणपत्रास जोडण्याची रीत बंद पडली. बँकेने संगणकावर भरलेल्या तिमाही तपशिलावरून नमुना २६-एएस तयार होऊ लागला आणि त्यात जे उमटेल तेच कर भरल्याचे प्रमाण ठरू लागले. माणसाच्या हातातला दाखला खोटा ठरण्याची ही सुरुवात होय.

एका सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षकांचे प्रकरण सांगतो. ते कोणत्या गावचे आणि दफ्तर कोणते हे सांगत नाही. बँकही अनाम राहू द्या. आर्थिक वर्ष २०१०-११ मध्ये त्यांना १,९०,००० रुपये निवृत्तिवेतन आणि ठेवींवर १,४०,००० रुपये व्याज मिळाले. ३०,००० रुपयांची बचतीची वजावट जाता करपात्र उत्पन्न ३,००,००० उरले. त्या वर्षी १,६०,००० पर्यंत कर नव्हता, पुढे दहा टक्के, म्हणून कर १४,००० आणि त्यावर तीन टक्के उपकर ४२०. बँकेने व्याजातून दर तिमाहीस ३,५०० याप्रमाणे १४,००० कापलेले होते आणि उपकराचे ४२० गुरुजींनी स्वतः चलनाने भरले होते. हिशेब पैशाला पैसा जुळत होता. डिसेंबर २०१२ मध्ये कलम १४३(१) खालचे सूचनापत्र आले, आणि त्यात ३,५०० रुपयांची मागणी होती. गुरुजी ते घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "वकीलसाहेब, सबंध आयुष्यात माझ्याकडे कुणाचा तगादा आला नाही."

अशा वेळी पहिले काम कायदा उघडणे नव्हे, तर दोन कागद शेजारी ठेवणे होय. विवरणपत्रात कापलेला कर १४,००० दाखविलेला, सूचनापत्रात मान्य झालेला १०,५००. उत्पन्न, वजावट, कराचा दर, सगळे तंतोतंत तेच. म्हणजे भांडण कराविषयी नव्हतेच, ते जमेविषयी होते. मग २६-एएस काढला, तर पहिल्या तीन तिमाह्या हजर आणि जानेवारी ते मार्च २०११ ची गैरहजर. बँकेने दिलेल्या नमुना १६-अ वर पाहिले, तेव्हा उलगडा झाला: स्थायी खाते क्रमांकातील दोन अंकांची अदलाबदल होऊन गुरुजींचे साडेतीन हजार कुणा अनोळखी करदात्याच्या खाती पुण्य म्हणून जमा झाले होते. सूचनापत्रात व्याज का नाही, हेही गुरुजींनी विचारले. कापलेला कर वजा जाता देय रक्कम दहा हजारांच्या खाली राहिली, म्हणून आगाऊ कराचे दायित्व उद्भवले नव्हते. त्यांच्या मानी स्वभावाला तेवढाच दिलासा.

पत्र मी एका पानात बसविले. माझे एक सहकारी अशा अर्जात सहा पाने न्यायनिर्णय उद्धृत करीत, आणि त्यांचे अर्ज फेटाळले गेले की अधिकाऱ्याला दूषण देत. वास्तविक ज्या अर्जाला सहा पाने युक्तिवाद लागतो, त्याने चूक उघड नसल्याची कबुली स्वतःच दिलेली असते. गुरुजींच्या पत्रात वर कर-निर्धारण वर्ष २०११-१२, स्थायी खाते क्रमांक, सूचनापत्राचा दिनांक आणि 'कलम १५४ अन्वये दुरुस्तीसाठी विनंती' हा विषय. मजकुराचा गाभा इंग्रजीत होता, पण सही घेण्यापूर्वी मी तो त्यांना मराठीत वाचून दाखविला: 'विवरणपत्रात उगमस्थानी कपात १४,००० रुपये दर्शविली असता सूचनापत्रात १०,५०० रुपये मान्य केली आहे. ३,५०० रुपयांचा फरक जानेवारी ते मार्च २०११ या तिमाहीचा असून त्या कपातीचा नमुना १६-अ सोबत जोडला आहे. सबब सदर जमा देऊन मागणी रद्द करावी.' सोबत सूचनापत्राची प्रत, १६-अ, २६-एएस, ४२० रुपयांचे चलन आणि क्रमांक चुकीचा टाकल्याचे बँकेचे पत्र. गुरुजींनी 'सबब' या शब्दावर बोट ठेवून तो छान असल्याचे सांगितले आणि सही केली.

पोच मात्र मिळेना. आवक विभागातील गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा, साहेब बघतील." मी न हलता तिथेच उभा राहिलो, कारण २००१ पासून या कलमात आठवे उपकलम होते: अर्ज ज्या महिन्यात पोहोचला त्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत तो मान्य वा अमान्य केलाच पाहिजे. जानेवारी २०१३ चा शिक्का, म्हणजे ३१ जुलैची मुदत. आणि शिक्काच नसेल तर मुदत कुठून मोजणार? दीड तासाने शिक्का उमटला. अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले, की चूक बँकेची आहे, बँकेने आपला तिमाही तपशील सुधारून भरावा, मग पाहू. यात तथ्य नव्हते असे नाही. खरा रोगपरिहार तोच होता. परंतु शाखेतला कारकून बदलून गेला होता आणि त्याच्या जागी आलेला मनुष्य 'वरून होईल' असे म्हणत बसला होता. मधल्या काळात गुरुजींचा पुढील वर्षाचा ४,२०० रुपयांचा परतावा कलम २४५ खाली त्या मागणीत वळता झाला आणि थोडकी रक्कम तेवढी हाती आली. वळता करण्यापूर्वी करदात्याला कळवावे असे त्याच कलमात लिहिले होते. गुरुजींना काही कळविले गेले नव्हते.

ही व्यथा एकट्या गुरुजींची नव्हती, हे आम्हा खानदेशवासीयांना दिल्लीहून कळले. १४ मार्च २०१३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतः होऊन हाती घेतलेल्या प्रकरणात नेमक्या याच तक्रारींवर विभागाला आदेश दिले, आणि त्या जुलैत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परिपत्रके निघाली: दुरुस्ती-अर्जांची नोंदवही ठेवा, सहा महिन्यांची मुदत पाळा, आणि कापलेल्या कराचा पुरावा करदात्याने दाखविल्यास तो पडताळून जमा द्या. त्या परिपत्रकाची प्रत मी पारोळ्याच्या थांब्यावर, एस.टी.त बसल्या बसल्या दोनदा वाचली. दुरुस्त हुकूम मुदतीत आला, मागणी शून्य झाली, आणि वळती झालेली रक्कम कलम २४४-अ च्या दरमहा अर्धा टक्का व्याजासह परत मिळाली. विलंब केल्याबद्दल करदात्याकडून सरकार दरमहा एक टक्का घेते, हे गुरुजींच्या लक्षात आले. ते गणिताचे शिक्षक होते.

पुढे अर्जाची जागा संकेतस्थळाने घेतली. आता पडद्यावर `Reprocess the Return` किंवा `Tax Credit Mismatch Correction` यांपैकी एक निवडायचे आणि बटण दाबायचे. बँकेने तपशील सुधारला असेल तर काम आठवड्यात होते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. सुधारला नसेल तर मात्र तेच यंत्र तोच २६-एएस पुन्हा वाचते आणि तेच उत्तर पुन्हा देते. 'सबब' म्हणायला तिथे जागाच नाही. पुढे प्रकरण स्थानिक अधिकाऱ्याकडे वर्ग झाले, की जुन्यासारखे कागदी पत्र घेऊन जिना चढावाच लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० पर्यंतच्या थकीत मागण्या सोडून दिल्या. गुरुजींची मागणी शिल्लक असती तर तीही त्यात धुऊन निघाली असती. पण जळगावच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याची तशीच खोटी मागणी २०१२ सालीच परताव्यातून वळती झालेली होती. त्याने अर्ज कधी केला नाही, आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या नावे थकबाकीच नसल्याने त्याच्या पदरी काही पडले नाही. ज्याने दिले नाही त्याला माफी, ज्याच्याकडून काढून घेतले त्याला शून्य, हा न्याय मला आजही पटलेला नाही.

जुन्या वर्षांच्या विवरणपत्रांना जुनाच अधिनियम लागू आहे, तेव्हा १५४ ची काही वर्षे अजून उरली आहेत. ज्यांच्याकडे अलीकडचे सूचनापत्र पडून असेल, त्यांनी त्यातील दोन रकाने, आपण भरलेला आणि त्यांनी मोजलेला, आजच शेजारी ठेवून पाहावेत आणि हुकूम झालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षे मोजावीत. पत्र हाती देणार असाल तर शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका.