आजारी करदात्याची सही कोणी करावी?

प्राप्तिकराचे विवरणपत्र संगणकावरून पाठविले की काम संपले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याची पडताळणी होईपर्यंत ते विवरणपत्र अपुरेच राहते. मात्र करदाताच अंथरुणाला खिळला असेल, तर ही पडताळणी कोणी करायची?

याचे उत्तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १४० मध्ये आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला हाच कायदा लागू आहे. करदात्याची बुद्धी शाबूत असून केवळ शरीर साथ देत नसेल, तर त्याने मुखत्यारपत्र दिलेली व्यक्ती पडताळणी करू शकते. मात्र तो मानसिकदृष्ट्या अक्षम झाला असेल, तर हा अधिकार पालकाकडे किंवा त्याच्या वतीने काम करण्यास कायद्याने सक्षम असलेल्या व्यक्तीकडे जातो.

हा फरक अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. समजा, पुण्यातील एका निवृत्त प्राध्यापकांनी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले आहे. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला, पण समज कायम राहिली, तर ते मुखत्यारपत्र चालेल. नवे करायचे असल्यास नोटरीसमोर अंगठा उमटवूनही करता येते. परंतु त्याच आघाताने त्यांची शुद्ध कायमची हरपली, तर जुने मुखत्यारपत्रही निष्प्रभ ठरते. कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची बुद्धी नष्ट होताच त्याने दिलेला अधिकार संपतो.

अशा वेळी पालक नेमून घ्यावा लागतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समिती पालक नेमते. बेशुद्धावस्थेतील रुग्ण त्यात बसत नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांना राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागावी लागते. आदेश मिळाल्यावर मुलाने स्वतःच्या पॅनने प्राप्तिकर संकेतस्थळावर प्रवेश करून `Authorised Partners` या विभागात प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची असते. खात्याची मंजुरी आल्यावर तो वडिलांच्या वतीने विवरणपत्र भरून पडताळणी करू शकतो.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. विवरणपत्र पाठविल्यापासून पडताळणीसाठी ३० दिवस मिळतात. मुलाने घाईने २० जुलैला विवरणपत्र पाठविले, तर १९ ऑगस्टपर्यंत पडताळणी व्हायला हवी. न्यायालयाचा आदेश सप्टेंबरात आला आणि पडताळणी त्यानंतर झाली, तर पडताळणीचा दिवस हाच विवरणपत्र भरल्याचा दिवस धरला जातो. ३१ जुलैची मुदत हुकल्याने उत्पन्न पाच लाखांवर असल्यास पाच हजार रुपये विलंबशुल्क लागू शकते. विलंब माफ करण्याची विनंती संकेतस्थळावरून करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही.

वडिलांच्या भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक टाकून मोकळे होणे सोपे वाटते. पण पडताळणी म्हणजे करदात्याने केलेले प्रतिज्ञापन होय, आणि शुद्धीत नसलेली व्यक्ती ते करू शकत नाही. म्हणून आधी प्रतिनिधीची नोंदणी व मगच विवरणपत्र, हाच क्रम पाळावा.