रात्रपाळी बदलून मागताना

समजा, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला पाचवा महिना लागलाय. अमेरिकी क्लायंटसाठी ती रात्री १० ते सकाळी ७ काम करते. मॅनेजरला तिने फक्त ‘रात्रपाळी झेपत नाही’ एवढंच लिहिलं, तर उत्तर बहुधा ‘बघू’ असं येईल. त्यापेक्षा तिने असं लिहावं:

“सर, माझी प्रसूती नोव्हेंबरमध्ये अपेक्षित आहे. डॉक्टरांनी रात्रपाळी टाळायला सांगितलं आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे. येत्या सोमवारपासून मला दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ मिळावी. संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजलेले असतात, त्यामुळे क्लायंटच्या बैठका मी घेईन. रात्रीचे अलर्ट कुणी पाहायचे, ते टीमशी बोलून ठरवू. कृपया ईमेलने कळवावे.”

यातली ९ ची वेळ महत्त्वाची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं, तर तिची संमती लागते. म्हणून ‘यापुढे रात्रपाळीला माझी संमती नाही’ हे वाक्यही पत्रात हवंच. माझ्या मते पत्राचं खरं बळ तिथेच आहे. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी रजेचं संरक्षण देतात, पण पाचव्या महिन्यातल्या पाळीबद्दल त्यांचा फारसा आधार मिळत नाही.

रात्रपाळीचा भत्ता मात्र बंद होऊ शकतो. ते आधीच विचारून घ्यावं, आणि पत्राची प्रत एचआरलाही पाठवावी.