वायर्ड कंट्रोलर आणि लांब हॉल: यूएसबी वायर किती लांब चालते?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

दिवाळीत परभणीला घरी गेलो होतो. आमचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत असतो, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथेच आहे. टीव्ही आणि सोफा हॉलमध्ये. भिंतीच्या कडेने मोजलं तर अंतर अकरा मीटर. धाकट्या भावाने 10 मीटरची साधी यूएसबी एक्स्टेंशन आणली आणि तिला अडीच मीटर वायरचा कंट्रोलर लावला. मेनूमध्ये सगळं मस्त. पण मॅचमध्ये जोरात टॅकल झाला की कंट्रोलर बंद! भाऊ म्हणाला, "दादा, कंट्रोलर खराब निघाला, परत करतो." मी म्हटलं, थांब, आधी तपासू.

कंट्रोलरमधलं व्हायब्रेशन बंद केलं आणि अर्धा तास खेळलो. एकदाही तुटला नाही. म्हणजे कंट्रोलर ठीक होता, त्याला करंट पुरत नव्हता.

हिशोब साधा आहे. स्वस्त वायरमध्ये आतल्या चारही तारा बहुतेक 28 एडब्ल्यूजी, म्हणजे फार बारीक असतात. अशा तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण 0.21 ओहम. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून 10 मीटर वायरला 20 मीटर तार धरायची: सुमारे 4.2 ओहम. कंट्रोलर शांत असताना 50 मिलिअँपिअर घेतो असं समजू, तर 0.2 व्होल्ट वाटेत जातात. फरक पडत नाही. मोटर फिरल्यावर 250 मिलिअँपिअर झाले, तर एक व्होल्टपेक्षा जास्त जातो. पोर्टवर 5 व्होल्ट असले तरी टोकाला चारच्या खाली. यूएसबी 2.0 मध्ये कमी करंटच्या डिव्हाइसने साधारण 4.4 व्होल्टपर्यंत चालावं अशी अपेक्षा असते. त्याच्या खाली गेलं की चिप रीसेट होते, आणि आपल्याला वाटतं कंट्रोलर गेला.

म्हणून वायर घेताना तिच्यावर छापलेलं वाचा. `28AWG/1P 24AWG/2C` असं असेल तर डेटाच्या तारा बारीक, पण पॉवरच्या जाड आहेत. एडब्ल्यूजीचा आकडा लहान, तेवढी तार जाड. 24 मध्ये व्होल्टचं नुकसान निम्म्याहून कमी होतं.

आता दुसरी मर्यादा. व्हायब्रेशन बंद करूनही कंट्रोलर तुटत असेल, किंवा ओळखलाच जात नसेल, तर सिग्नलकडे बघा. यूएसबी 2.0 मध्ये एका वायरची मर्यादा 5 मीटर आहे. कॉम्प्युटर डिव्हाइसला विचारतो आणि उत्तराची ठरावीक वेळच वाट बघतो. कंट्रोलरच्या 12 मेगाबिट स्पीडला ती जेमतेम दीड मायक्रोसेकंद असते. कंट्रोलरचा स्पीड कमी म्हणून सात-आठ मीटर कधीकधी चालून जातं, पण त्याची खात्री नाही. त्याच वायरवर 480 मेगाबिटचा वेबकॅम बऱ्याचदा आधीच दगा देतो.

इथे कामाला येते अॅक्टिव्ह रिपीटर वायर. तिच्या टोकाला बहुतेक वेळा एक छोटी हब-चिप असते. ती सिग्नल नव्याने तयार करून पुढे पाठवते, म्हणून तिथून पुन्हा 5 मीटर मोजायचे. कॉम्प्युटर आणि डिव्हाइसच्या मध्ये जास्तीत जास्त पाच हब चालतात. लक्षात ठेवा, कंट्रोलरची स्वतःची वायरही शेवटच्या 5 मीटरमध्ये धरायची.

आम्ही 5 मीटरच्या दोन अॅक्टिव्ह वायरी जोडल्या. अडीच मीटर कंट्रोलरचे धरून साडेबारा मीटर झाले. पण हब-चिपलाही करंट लागतो, आणि पोर्टमधून मिळतात फक्त 500 मिलिअँपिअर. म्हणून दुसरी वायर अशी घेतली, जिच्या सोफ्याकडच्या टोकाला पॉवरचं सॉकेट आहे. तिथे 5 व्होल्टचा अॅडॉप्टर लावला. तो कॉम्प्युटरच्या टोकाला लावून उपयोग नाही. व्होल्टेज जिथे पडतं तिथेच हवा. बॅटरीवाला कंट्रोलर वायरवर चार्जही होत असेल, तर अॅडॉप्टर लागणारच असं धरून चला.

वायर खरंच अॅक्टिव्ह आहे का? लिनक्सवर ही कमांड द्या:

```
lsusb -t
```

वायर लावण्याआधी आणि नंतर बघा. प्रत्येक हब-चिपमागे `hub` ची एक ओळ वाढली पाहिजे, आणि कंट्रोलरपुढे `12M` दिसेल. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये View, मग Devices by connection.

"मग लॅग वाढतो का रे?" हा भावाचा शेवटचा प्रश्न. वायरमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद लागतात, आणि कॉम्प्युटर कंट्रोलरला दर काही मिलिसेकंदांनी विचारतो. दहा मीटरचा फरक हाताला कळणारच नाही. आता हरलास तर वायरीचं कारण चालणार नाही, एवढं त्याला सांगून ठेवलंय.